हॅशटॅग उसळला, पुढं काय? सांगलीच्या एका डेस्कवरची पद्धत

जुलैमधला शुक्रवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि डेस्कच्या ग्रुपवर हे कार्ड येऊन पडलं:

> #सांगलीपूर
> ६ ते ७ या तासात पोस्ट: ४१. शुक्रवारी या वेळेला एरवी: २
> वेगवेगळे मजकूर: ६
> या लाटेतली सगळ्यात जुनी पोस्ट: ६ वाजून ४ मिनिटं
> आपण यावर शेवटचं लिहिलं: काल सकाळी, कोयनेच्या विसर्गाची बातमी
> विचारायचा प्रश्न: शहरात कुठं पाणी शिरलंय का?
> हे कार्ड रात्री १० नंतर बाद

खाली नमुन्याच्या पाच पोस्ट आणि तीन बटणं होती: घेऊ, थांबू, नको.

कार्ड बनवणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. सांगलीतल्या एका छोट्या बातमीसंस्थेच्या डिजिटल डेस्कवर मी काम करते. डेस्कवर आम्ही चौघंजण आहोत आणि वर संपादक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. हा प्रोग्रॅम हॅशटॅगवर नजर ठेवतो आणि अण्णांना विषय सुचवतो. स्वतः एक अक्षरही पोस्ट करत नाही. तो नेमकं काय मोजतो, कुठं चुकतो आणि त्याला बोलायची मुभा का दिलेली नाही, हे त्या शुक्रवारच्या कार्डाच्या आधाराने सांगते.

पहिला प्रश्न असा की ४१ हा आकडा मोठा की लहान? मुंबईच्या मानाने तो काहीच नाही. एक्सवर भारताची ट्रेंडिंगची यादी उघडली तर तिथं हजारो पोस्टवाले विषय असतात, सांगलीचं नाव त्यात येतं ते एकतर महापुरात किंवा स्मृती मानधनाने शतक ठोकल्यावर. मोठ्या शहरांची वेगळी यादी मिळते, सांगलीची मिळत नाही. म्हणून तयार यादीवर विसंबून आमचं भागत नाही, मोजणी आपली आपणच करावी लागते.

मोजायची असते ती उसळी. एसटीचं उदाहरण घ्या. सांगलीच्या स्टँडवर दीडशे माणसं उभी असली तर कुणी वळूनही बघत नाही, तिथं रोजच तेवढी असतात. पण जत तालुक्यातल्या एखाद्या फाट्यावर, जिथं एरवी दोन माणसं बसची वाट बघतात, तिथं चाळीस जण जमले असतील तर काहीतरी झालंय. गर्दी किती यापेक्षा नेहमीपेक्षा किती जास्त, हे महत्त्वाचं. मोठे प्लॅटफॉर्मही आपली ट्रेंडिंग यादी याच तत्त्वावर काढतात. म्हणून रोज भरपूर वापरला जाणारा टॅग त्यात दिसत नाही आणि अचानक उगवलेला दिसतो.

'नेहमी' म्हणजे काय, हे आम्ही मागच्या चार आठवड्यांवरून ठरवतो. शुक्रवारच्या ६ ते ७ ची तुलना मागच्या चार शुक्रवारांच्या ६ ते ७ शीच करायची. सकाळी लोक वेगळं लिहितात, रात्री वेगळं, आणि रविवारचं गणित तर सगळ्याच बाबतीत निराळं. दुपारच्या सरासरीशी रात्रीची तुलना केली की रोज रात्री नऊला खोटी उसळी दिसते. #सांगलीपूरचे चार शुक्रवारचे आकडे होते २, ३, १ आणि २. सरासरी २.

आता ४१ भागिले २ केलं तर साडेवीस पट येतं. हे गुणोत्तर दिसायला सोपं, पण लहान गावात ते फसवतं. एखादा टॅग कधीच वापरात नसेल आणि आज तिघांनी वापरला, तर शून्याने भागायची वेळ येते. उलट #सांगली हा टॅग तासाला १२० वेळा येत असेल आणि आज १५० झाला, तर गुणोत्तर फक्त सव्वापट, पण वाढ ३० पोस्टची. दोन्ही टोकं सांभाळायला आम्ही हे सूत्र वापरतो:

```
गुण = (आत्ताचे - नेहमीचे) / √(नेहमीचे + 1)
```

वर्गमूळ कशासाठी, ते सांगते. मोजलेल्या गोष्टींचे आकडे आपोआपच थोडे हलतात, आणि हे नैसर्गिक हलणं ढोबळमानाने सरासरीच्या वर्गमुळाएवढं असतं. सरासरी १०० असेल तर कधी ९०, कधी ११० येणं अगदी साहजिक. म्हणून वाढीला त्या साहजिक हलण्याने भागायचं. खालचा १ शून्याची अडचण काढण्यासाठी आहे. आता बघा: #सांगलीपूर, ३९ भागिले १.७३, गुण साडेबावीस. #सांगली, ३० भागिले ११, गुण पावणेतीन. आणि तो शून्यावरून तीनवर गेलेला टॅग, गुण ३.

पुस्तकातल्या हिशेबाने ३ च्या वर गेलं की दखल घ्यायला हरकत नसते. पण तो हिशेब असं धरून चालतो की प्रत्येक पोस्ट स्वतंत्रपणे आलीय. प्रत्यक्षात एकाचं बघून दुसरा लिहितो, त्यामुळे आकडे वर्गमुळापेक्षा जास्त उड्या मारतात. म्हणून आमची रेघ ५ वर आहे, आणि शिवाय त्या तासात किमान १० पोस्ट हव्यात. ही अट घालायच्या आधी पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-वीस कार्डं येत होती आणि तिसऱ्या दिवशी अण्णांनी ती बघणंच सोडून दिलं. आता दिवसाला जास्तीत जास्त पाच कार्डं जातात. सहावं असेल तर त्याने आधीच्या पाचातल्या एखाद्याला हरवलं पाहिजे.

मोजायला पोस्ट आणायच्या कुठून, याचं उत्तर खिशावर अवलंबून आहे. एक्सचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमला पोस्ट वाचू देणारी सोय, २०२३ पासून पैसे मोजल्याशिवाय उपयोगाचा राहिलेला नाही. आमचा भर इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर आहे, आणि आमचे वाचकही तिथंच आहेत. इन्स्टाग्रामचा नियम असा की एका व्यावसायिक खात्याला कुठल्याही सात दिवसांत ३० वेगवेगळेच हॅशटॅग तपासता येतात. तोच टॅग पुन्हा पुन्हा विचारला तर तो एकदाच धरला जातो. ताज्या पोस्टही मागच्या चोवीस तासांतल्याच मिळतात, म्हणजे आज मोजायचं राहिलं तर उद्या मागं जाऊन मोजता येत नाही.

तीस म्हणजे फार थोडे. त्यातले २२ आम्ही कायमचे बांधून ठेवलेत: जिल्हा, तालुके, कृष्णा, वारणा, पूर, हळद, बेदाणा, ऊसदर असे. उरलेले आठ फिरते. मिळालेल्या पोस्टमध्ये आमच्या टॅगच्या शेजारी दुसरे कुठले टॅग वारंवार दिसतात ते प्रोग्रॅम मोजतो, आणि त्यातले जोरात असलेले या आठ जागांवर बसवतो. नवीन विषय सापडतो तो इथंच. आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या टॅगवर नजर ठेवून नवा टॅग कसा दिसणार? तो नेहमी कुणाचा तरी हात धरून येतो.

आणि याच शेजारच्या टॅगांनी मला सुरुवातीला पार गुंडाळलं. प्रोग्रॅम चालू केला त्या आठवड्यात अहवालात सगळ्यात वर एक विचित्र टॅग सतत दिसत होता: #स. त्याखाली #म, मग #त, #व. तालुक्यांपैकी फक्त #जत धड दिसत होता. दोन दिवस मला वाटत होतं की लोकच काहीतरी अर्धवट टाइप करताहेत. मग हे करून बघितलं:

```python
import re
re.findall(r'#\w+', 'पाणी वाढतंय #सांगली #पूर')
# ['#स', '#प']
```

पायथॉनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. काना, मात्रा, वेलांटी, उकार ही त्याच्या लेखी अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. त्यामुळे पहिल्या मात्रेपाशी टॅग तुटतो. सांगली, सातारा आणि सोलापूर तिन्ही मिळून #स झाले होते आणि ते सगळ्यात वर असणारच होते. मिरजेचा #म झाला, तासगावचा #त, विट्याचा #व. जतला एकही मात्रा नाही म्हणून तेवढं गाव वाचलं. इंग्रजी टॅगवर तपासून प्रोग्रॅम बरोबर आहे असं मी ठरवलं होतं, ती चूक माझी. दुरुस्ती एका ओळीची:

```python
TAG = re.compile(r'#[\w\u0900-\u0963\u0966-\u097F\u200c\u200d]+')
```

म्हणजे देवनागरीची सगळी चिन्हं आत घ्या, दंड मात्र वगळा, कारण दंडापाशी टॅग संपतो. शेवटची दोन चिन्हं डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही कीबोर्ड ती जोडाक्षरात घालतात. त्यामुळे मराठीत आणखी एक गोची होते. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात टिंबाचा वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग ते न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, प्रोग्रॅमच्या लेखी दोन वेगळे टॅग. शेतकऱ्यांच्या प्रत्येक आंदोलनाची मोजणी अशी दोन ढिगांत वाटली जाते आणि दोन्ही ढीग रेघेच्या खाली राहू शकतात. ते एकत्र करायला मोजण्याआधी हे चालवतो:

```python
import unicodedata
t = unicodedata.normalize('NFC', t)
t = t.replace('\u0930\u094d\u200d', '\u0931\u094d')
t = t.replace('\u200c', '').replace('\u200d', '').lower()
```

यापुढं हाताने केलेली एक यादी आहे. #sangliflood, #sangli_flood आणि #सांगलीपूर हे एकच, असं त्यात लिहिलेलं आहे. ही यादी कधीच पूर्ण होत नाही, दर आठवड्याला तिच्यात दोन-चार नावं वाढतात.

आता कार्डावरच्या तिसऱ्या ओळीकडे या. वेगवेगळे मजकूर: ६. माझ्या मते कार्डावरची सगळ्यात कामाची ओळ हीच. ४१ पोस्ट म्हणजे ४१ माणसांनी पाणी बघितलं असा अर्थ होत नाही. प्रत्येक पोस्टमधून टॅग, इमोजी, विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा काढल्या आणि उरलेला मजकूर एकमेकांशी जुळवला, तेव्हा ३३ पोस्टमध्ये तेच एक वाक्य निघालं: 'सांगलीत पाणी शिरलं, सावध रहा, पुढे पाठवा'. बाकीच्या आठ पोस्टमध्ये पाच निराळे मजकूर होते.

खाती किती, हे मोजता आलं असतं तर आणखी बरं झालं असतं. पण इन्स्टाग्रामच्या हॅशटॅग शोधात पोस्ट कुणाची ते नाव मिळत नाही, मजकूर आणि दुवा मिळतो. यूट्यूबवर चॅनेलची ओळख मिळते, तिथं आम्ही चॅनेल मोजतो. इन्स्टाग्रामवर मजकुरावर भागवावं लागतं. नेत्याच्या वाढदिवसाला याचा फार उपयोग होतो. एका तासात दोनशे पोस्ट आणि मजकूर चार, असं दिसलं की समजायचं, कुणीतरी मजकूर वाटलाय. तशी कार्डं प्रोग्रॅम दाबून टाकत नाही, 'ठरवून केलेली असावी' असा शेरा मारतो. कारण ठरवून केलेली मोहीम हीसुद्धा कधी कधी बातमी असते, फक्त ती वेगळी बातमी असते.

त्या शुक्रवारी अण्णांनी 'थांबू' दाबलं आणि आयर्विन पुलाजवळ राहणाऱ्या आमच्या वार्ताहराला फोन केला. सांगलीकराला वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी लिहिते: कृष्णेचं पाणी किती आहे हे आम्ही आयर्विन पुलाच्या मापावर बघतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वार्ताहराने छत्री घेऊन जाऊन बघितलं आणि सांगितलं, '३१ फूट.' ३१ फुटांना शहरात पाणी येत नाही.

मग त्या ३३ पोस्टमध्ये वाक्यासोबत एक व्हिडिओ फिरत होता, तो काय होता? गुडघ्याच्या वर पाणी, दुकानांची शटर्स अर्धी बुडालेली, मागून कुणीतरी ओरडतंय. मी तो तीनदा बघितला आणि मला तो खराच वाटला. अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला, व्हिडिओ थांबवला आणि डावा कोपरा बोटांनी मोठा केला. 'आगं, ही पाटी बघ. हे स्टेशनरीचं दुकान महापुरानंतर उघडलंच नाही. आता तिथं मोबाइलवाला बसतोय.'

व्हिडिओ २०१९ चा होता. आम्ही आमच्या जुन्या फोटोंमध्ये तोच चौक, तीच पाटी काढून दोन्ही शेजारी ठेवले. खात्री झाल्यावर अण्णांनी 'घेऊ' दाबलं, पण कार्डावरचा प्रश्न खोडून विषय बदलला. बातमीत तीन गोष्टी होत्या: संध्याकाळी साडेसातला आयर्विनपाशी पाणी ३१ फूट, फिरणारा व्हिडिओ २०१९ चा आणि तो कशावरून ओळखला, आणि पाणी ४० च्या दिशेने जायला लागलं तर कुठल्या भागाला आधी कळवलं जातं. आठच्या सुमाराला ती गेली.

हेच काम प्रोग्रॅमने परस्पर केलं असतं तर? त्याच्याकडे ४१ हा आकडा होता, साडेबावीस गुण होता आणि एक वाक्य होतं जे ३३ वेळा आलं होतं. जास्त वेळा आलेलं म्हणजे जास्त महत्त्वाचं, एवढंच त्याला मोजता येतं. त्याने 'सांगलीत पाणी शिरलं' हीच पोस्ट आमच्या नावाने केली असती आणि ती चौतिसावी झाली असती. फरक एवढाच, की आधीच्या तेहतीस पोस्टना कुणाचं नाव नव्हतं आणि हिच्यावर आमचं असतं. ज्या घरांत २०१९ ला छातीभर पाणी आलं होतं, तिथली माणसं त्या पावसात म्हातारी माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर पडली असती.

हॅशटॅगची उसळी सांगते की लोक बोलताहेत. काय घडलंय, हे ती सांगत नाही. कार्डावर म्हणूनच आम्ही मथळा लिहीत नाही, प्रश्न लिहितो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर हॅशटॅगच्या बाहेरून आणायचं असा नियम आहे: पुलावरच्या मापावरून, पोलीस ठाण्यातून, बाजार समितीतून, माणसाला फोन करून. शंभर पोस्ट वाचून शंभरावीतून पहिलीची खातरजमा होत नाही, कारण पुष्कळदा शंभरावी पहिलीवरूनच उचललेली असते.

यासाठी एक जुना प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगते. २० जुलै २०१२ ला अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ऑरोरा शहरात चित्रपटगृहात गोळीबार झाला, १२ माणसं गेली. ट्विटरवर ऑरोरा हा शब्द वर आला. कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाने ते बघून लिहिलं की ऑरोरा ट्रेंड होतंय ते नक्कीच आमच्या ऑरोरा नावाच्या ड्रेसमुळे. नंतर त्यांनी माफी मागितली. शब्द का वर आलाय हे बघितलंच नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं. तिथं बटण माणसानेच दाबलं होतं, पण त्या माणसाने काम प्रोग्रॅमचं केलं: शब्द वर आहे ना, मग बोला. म्हणून नुसता मधे माणूस बसवून भागत नाही. त्या माणसाच्या पुढ्यात जुनी पोस्ट, नमुने आणि 'का' हा प्रश्न आला पाहिजे, आणि 'नको' म्हणणं त्याला 'घेऊ' इतकंच सोपं असलं पाहिजे.

पोस्ट करायची मुभा नाही, हे आम्ही कागदावरच्या नियमावर सोडलेलं नाही. प्रोग्रॅमकडे लिहायची किल्लीच नाही. यूट्यूबचं उदाहरण सोपं आहे: साध्या एपीआय किल्लीने फक्त सार्वजनिक माहिती वाचता येते. व्हिडिओ चढवायचा असेल तर खातेदाराने वेगळी परवानगी द्यावी लागते, ती आम्ही कधी दिलेलीच नाही. एक्सवर ॲप नोंदवताना 'फक्त वाचणे' आणि 'वाचणे व लिहिणे' असे पर्याय असतात, तिथंही पहिलाच घ्यायचा. उद्या माझ्या हातून कोडमध्ये काही भलतं झालं, किंवा कुणी किल्ली चोरली, तरी आमच्या नावाने पोस्ट जाणार नाही. 'घेऊ' दाबल्यावर काय होतं, असं कुणी विचारतं. डेस्कच्या यादीत एक ओळ वाढते आणि कुणाच्या तरी नावावर काम लागतं, एवढंच. लिहिणं आणि प्रसिद्ध करणं माणूस त्याच्या खात्यातून करतो.

याच्याही पुढची एक काळजी कायद्याची आहे आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की लोक तिच्या नावाने न्याय मागणारा हॅशटॅग चालवतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं कलम २३. अशा वेळी बातमीचा मजकूर लांबच राहिला, हॅशटॅग हाच गुन्ह्याचा ऐवज असतो. आपोआप पोस्ट करणारा प्रोग्रॅम पहिली गोष्ट तोच टॅग छापणार. आमच्याकडे न्याय, अत्याचार, justice अशा शब्दांच्या जोडीला उसळलेला टॅग आला तर कार्ड ग्रुपवर जातच नाही. ते एकट्या अण्णांना जातं आणि त्यावर टॅगच्या जागी रिकामी चौकट असते. दंगलीच्या अफवा आणि आत्महत्या यांनाही हीच वाट ठेवलीय. शब्दांची यादी कधी ना कधी चुकणार हे धरूनच चालतो. त्यामुळे साध्या कार्डावरसुद्धा प्रोग्रॅमने लिहिलेलं शब्दशः उचलायचं नाही, असं ठरलंय.

अण्णा 'नको' दाबतात तेव्हा कारण निवडावं लागतं: आधीच केलंय, आपल्या भागाचं नाही, ठरवून केलेलं, नुसती करमणूक, खोटं. महिन्याच्या शेवटी मी ही कारणं घेऊन बसते. 'आधीच केलंय' वाढलं तर समजायचं की कार्डं उशिरा येताहेत. 'आपल्या भागाचं नाही' वाढलं तर टॅगची यादी बिघडलीय. एकदा कृष्णा या टॅगवर महिनाभर भजनं आणि गोकुळाष्टमीची सजावट येत राहिली, तेव्हा तो काढून #कृष्णानदी ठेवला. ही कारणं वाचून प्रोग्रॅमने स्वतःच रेघ हलवावी, असं मी मुद्दाम केलेलं नाही. तसं केलं तर तो हळूहळू अण्णांच्या आवडीचेच विषय आणायला लागेल आणि अण्णांना जे सुचत नाही ते दाखवणं, हे त्याचं खरं काम बंद पडेल.

रेघही सगळ्यांना सारखी नाही. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पूर, धरण, विसर्ग या टॅगना ५ ऐवजी ३ गुण आणि १० ऐवजी ५ पोस्ट पुरतात. या दिवसांत दहा फुकाची कार्डं आली तर दहा फोन वाया जातात. एक खरं कार्ड हुकलं तर काय वाया जाईल, ते सांगलीला सांगावं लागत नाही. आणि तरीही पुराच्या बाबतीत हॅशटॅग हा दुय्यमच मार्ग. ज्याच्या दारात पाणी आलंय तो हॅशटॅग लिहीत बसत नाही, तो पाहुण्याला फोन लावतो किंवा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज टाकतो. ते ग्रुप आम्हाला दिसत नाहीत आणि दिसूही नयेत. गाव गप्प असताना आमचा तक्ता शांत असतो, आणि गाव संकटात असतानाही तो शांत असू शकतो. तक्त्यावर काही नाही म्हणून वार्ताहराचा फोन टाळायचा नाही, हे डेस्कवर पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

या पद्धतीचा आणखी एक दोष मला बराच उशिरा कळला. उसळी मोजणाऱ्याला हळू चढणारं पाणी दिसत नाही. अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची कर्नाटकची भूमिका आणि त्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध, ही चर्चा आठवड्याला थोडी थोडी वाढत जाते. चार आठवड्यांची सरासरीही तिच्याबरोबर वर सरकते, त्यामुळे गुण कधीच ५ ला पोचत नाही. जिल्ह्याच्या दृष्टीने एवढा मोठा विषय आणि त्याचं एकही कार्ड आलेलं नव्हतं. अण्णांनी तो त्यांच्या वहीत कधीच लिहून ठेवला होता, म्हणून आमच्याकडून सुटला नाही.

त्यानंतर मी दुसरी मोजणी जोडली. दर सोमवारी सकाळी या आठवड्याची बेरीज मागच्या सहा महिन्यांच्या आठवड्यांशी ताडून बघते आणि सलग पाच आठवडे चढत आलेले टॅग एका छोट्या यादीत येतात. त्यांना तासाभराची घाई नसते, म्हणून कार्डाऐवजी छापील कागद अण्णांच्या टेबलावर ठेवते. गेल्या सोमवारी त्या यादीत बेदाण्याचा टॅग होता, पाच आठवड्यांत तिपटीच्या आसपास. मजकूर वेगवेगळे, बहुतेक पोस्ट शेडवरच्या, पिशव्यांच्या थप्प्यांचे फोटो. कशामुळे वाढलंय ते कागदावरून कळत नव्हतं. अण्णांनी टॅगभोवती पेनाने गोल केला आणि तासगावच्या वार्ताहराला पुढच्या सौद्याला बाजार समितीत जाऊन बसायला सांगितलं.